निद्रानाशाचा दुसरा आठवडा

फोनवर मला हल्ली सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न असा असतो : "मॅडम, निद्रानाशावर मोबाइलवरच कोर्स मिळतो म्हणे. तो केला तर चालेल, की तुमच्याकडेच यायला हवं?" विचारणारा माणूस बहुधा कित्येक महिने रात्र रात्र कूस बदलून थकलेला असतो आणि त्याला लांबलचक व्याख्यान नको असतं. पण या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात आणि नंतर स्वतःच्या क्लिनिकमध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करताना ते मला हळूहळू उमगत गेलं. माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये आधी ऑनलाइन कोर्स करून आलेल्यांची संख्या वाढत गेली, तसतसं ते जास्त स्पष्ट झालं.

या उपचाराचं नाव सीबीटी-आय. म्हणजे निद्रानाशासाठी खास बेतलेला वर्तन आणि विचार यांवरचा उपचार. २०१६ साली अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने जुनाट निद्रानाशात प्रौढांना आधी हाच उपचार द्यावा, गोळ्यांचा विचार नंतर करावा, असं सांगितलं. तो ॲपवर घ्या नाहीतर थेरपिस्टसमोर बसून घ्या, आतला ऐवज एकच असतो. त्यातली दोन कामं महत्त्वाची. पहिलं रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलं : अंथरूण फक्त झोपेसाठी वापरायचं, झोप येत नसेल तर उठून दुसरीकडे जाऊन बसायचं, डोळे जड झाले की परत यायचं, आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळीच उठायचं. दुसरं आर्थर स्पीलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मांडलं : माणूस प्रत्यक्षात जेवढा झोपतो, साधारण तेवढाच वेळ त्याला अंथरुणात राहू द्यायचं.

हे दुसरं काम ऐकल्यावर रुग्ण माझ्याकडे अविश्वासाने बघतात. झोप कमी आहे म्हणून आलो, आणि या बाई आणखी कमी झोपायला सांगतात! पण झोप न येणारा माणूस घरी काय करतो ते बघा. तो रात्री लवकर आडवा होतो, सकाळी उशिरापर्यंत पडून राहतो, सुट्टीच्या दिवशी दुपारीही पडतो. पाच तासांची झोप तो साडेआठ तासांवर पसरवतो. ती पातळ होते, मधे मधे फाटते. वर अंथरुणात जागं पडून राहण्याची शरीराला सवयच लागते. अंथरुणातला वेळ कमी केला की दिवसभर झोपेची भूक साठत जाते आणि रात्रीची झोप सलग होऊ लागते. ती सलग झाली की मग वेळ हळूहळू वाढवायचा.

यात एक सोपं गणित आहे. आठवडाभराच्या डायरीतून रोज प्रत्यक्ष किती झोप लागली त्याची सरासरी काढायची आणि तिला अंथरुणातल्या एकूण वेळाने भागायचं. येणाऱ्या टक्केवारीला आम्ही झोपेची कार्यक्षमता म्हणतो. ती ९० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर पुढच्या आठवड्यात अंथरुणातला वेळ १५ मिनिटांनी वाढवायचा, ८५ ते ९० मध्ये असेल तर तसाच ठेवायचा आणि ८५ च्या खाली असेल तर कमी करायचा. काही कार्यक्रम ८५ लाच वेळ वाढवतात. पण पाच तासांच्या खाली सहसा कोणी जात नाही. एवढं गणित करायला माझी गरज नाही. संगणक ते माझ्यापेक्षा बिनचूक करतो, रोज करतो, आणि रुग्णाचा चेहरा बघून विरघळत नाही. हे मी मनापासून म्हणते आहे. समोरच्याची दया येऊन "बरं, आज पाहुणे आहेत तर राहू द्या" अशी सूट देणारे थेरपिस्ट मी पाहिले आहेत, आणि अशा सवलतींनी उपचार पार ढिला पडतो.

मग फरक पडतो कुठे? एका रुग्णाची हकिकत जरा सविस्तर सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

शेहेचाळीस वर्षांच्या या बाई बँकेत अधिकारी. तीन वर्षांपासून झोपेची तक्रार. त्यांनी इंग्रजीतला एक चांगला, नीट बांधलेला ऑनलाइन कार्यक्रम घेतला होता. आधी आठवडाभर डायरी भरली : रात्री १० ला अंथरुणात, सकाळी साडेसहाला बाहेर, प्रत्यक्ष झोप सरासरी सव्वापाच तास. म्हणजे कार्यक्षमता ६२ टक्के. कार्यक्रमाने त्यांना साडेपाच तासांची मुभा दिली : रात्री साडेबारा ते सकाळी सहा. मीसुद्धा हेच दिलं असतं. पहिल्या आठवड्यात झोप आणखी घटली, ४ तास २५ मिनिटांवर आली. तेही अपेक्षितच असतं. टक्केवारी ८० आली, म्हणून नियमाप्रमाणे १५ मिनिटं कमी झाली : पाऊण ते सहा. दुसऱ्या आठवड्यात झोप ४ तास ५ मिनिटं, टक्केवारी ७८. कार्यक्रमाने पुन्हा १५ मिनिटं कापली. त्या दिवशी ऑफिसला जाताना सिग्नलला थांबल्या असताना स्कूटरवरच त्यांचा डोळा लागला, आणि मागच्या रिक्षावाल्याच्या हॉर्नने त्या दचकून जाग्या झाल्या. दुसऱ्याच दिवशी आलेखाच्या प्रिंट घेऊन त्या माझ्यासमोर बसल्या होत्या आणि रडत होत्या. "मी सगळं अगदी सांगितल्यासारखं केलं," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

आणि त्यांनी ते खरंच केलं होतं. पहिली गोष्ट, मी त्यांना उपचार मार्गी लागेपर्यंत स्कूटर चालवायला मनाई केली. अंथरुणातला वेळ कमी करण्याच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दिवसा पेंग येते आणि वाहन चालवणाऱ्यांनी ती गंभीरपणे घ्यायला हवी. मग आलेख बाजूला ठेवला आणि विचारलं, "रात्री साडेनऊपासून झोपायची वेळ होईपर्यंत तुम्ही काय करता? मिनिटामिनिटाचं सांगा."

"काही नाही हो. जेवणं झाली की सासूबाईंसोबत सोफ्यावर मालिका बघते. वेळ काढायचाच असतो ना!"

"तेव्हा डोळा लागतो?"

"छे! जरा डोळे मिटून बसते, बस्स."

त्यांच्या संमतीने मी त्यांच्या मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "आई? आई तर रोज सोफ्यावर घोरते. आजी तिच्या अंगावर शाल टाकते."

साधारण चाळीस मिनिटांची ही झोप रोज रात्री दहाच्या आसपास होत होती. कार्यक्रमाने दिवसभरातल्या डुलक्यांबद्दल रोज विचारलं होतं आणि त्यांनी रोज शून्य लिहिलं होतं. त्या खोटं बोलत नव्हत्या. सोफ्यावर बसल्या बसल्या लागलेली झोप बऱ्याच जणांना झोप म्हणून जाणवतच नाही. पण झोपेची भूक मात्र त्यात मरते. अख्ख्या दिवसात साठलेला झोपेचा जोर त्या चाळीस मिनिटांत ओसरायचा, आणि मग पाऊण वाजता अंथरुणात पडल्यावर डोळे टक्क उघडे. डायरीत दिसायची फक्त अंथरुणातली वाईट झोप. कार्यक्रमाने गणित बरोबर केलं होतं, फक्त त्याच्या हातात आलेला आकडाच अपुरा होता.

आम्ही वेळ पुन्हा साडेबारा ते सहा केली आणि खरं काम संध्याकाळवर केलं. टीव्ही साडेनऊपर्यंतच. त्यानंतर सोफ्यावर बसायचं नाही, स्वयंपाकघरातल्या बिनहाताच्या खुर्चीवर बसायचं. कडधान्य निवडणं, दुसऱ्या दिवशीच्या डब्याची भाजी चिरून ठेवणं, उभं राहून इस्त्री करणं, अशी कामं तासातासाने वाटून लिहून काढली. मुलगी अभ्यासाला जागी असायची, तिच्यावर आईला पेंगताना दिसली की हाक मारायची जबाबदारी दिली. सासूबाईंना भेटायला बोलावलं, कारण "बिचारी दमलीय, झोपू दे थोडी" म्हणून मायेने शाल टाकणाऱ्या त्याच होत्या. एकदा समजावल्यावर त्यांनीच सर्वांत जास्त साथ दिली.

पुढच्या आठवड्यात झोप ५ तास १० मिनिटं, टक्केवारी ९४. मग वेळ सव्वाबारा ते सहा. त्यात सव्वापाच तास, ९१ टक्के. मग बारा ते सहा. असं करत करत दोनेक महिन्यांत त्या साडेअकरा ते सहा या वेळेवर स्थिरावल्या आणि सहा तासांच्या आसपास सलग झोपू लागल्या. निद्रानाशाची तीव्रता मोजायला शार्ल मोरँ यांनी केलेली सात प्रश्नांची प्रश्नावली आम्ही वापरतो. ० ते २८ गुण, १५ आणि त्याच्या वर म्हणजे उपचाराची गरज असलेला निद्रानाश. त्यांचे गुण १९ वरून ७ वर आले. सहाच तास का, आठ का नाहीत, असं त्यांच्या नवऱ्याने विचारलं. त्यांना दिवसा पेंग येत नव्हती, त्या कामात ताज्यातवान्या होत्या, म्हणून त्यांच्यासाठी सहा तास पुरेसे होते. आठ तास हा प्रत्येकाला लागू होणारा कायदा नाही.

या हकिकतीतली सर्वांत मोलाची गोष्ट मला दुसरा आठवडा वाटते. सीबीटी-आय सोडून देणारे पुष्कळसे लोक इथेच सोडतात. पहिल्या आठवड्यात उत्साह असतो. दुसऱ्यात थकवा वाढलेला असतो, झोप अजून सुधारलेली नसते, घरचे म्हणायला लागतात की हे कसलं खूळ काढलंय. आकड्यांमध्येही हे दिसतं. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या २६ विद्यापीठांतल्या ३,७५५ विद्यार्थ्यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातल्या निम्म्यांना 'स्लीपिओ' हा सहा सत्रांचा ऑनलाइन कार्यक्रम दिला होता. त्या गटाची झोप सुधारली, इतकंच नव्हे तर संशयी विचारही कमी झाले. मात्र दुसऱ्या सत्रापर्यंत पोचले निम्मे, तिसऱ्यापर्यंत साधारण एक तृतीयांश आणि सहाव्यापर्यंत १८ टक्के. कार्यक्रम चांगला आहे हे त्या अभ्यासाने सिद्ध केलं, आणि माणूस एकटा असला की तो मधेच सुटतो हेही.

समोरासमोर तुलनाही झाली आहे. नेदरलँड्समध्ये २०१६ च्या एका चाचणीत ९० जणांची, आणि नॉर्वेतल्या २०२१ च्या चाचणीत १०१ रुग्णांची. दोन्हींत थेरपिस्टकडे जाणाऱ्यांना जास्त फायदा झाला. नॉर्वेत थेरपिस्टविना चालणारा ऑनलाइन कार्यक्रम होता. नेदरलँड्समध्ये ऑनलाइन गटालाही लेखी मार्गदर्शन मिळत होतं, तरी फरक राहिलाच. पण दोन्ही ठिकाणी ऑनलाइन गटाचा फायदाही लहान नव्हता, हे विसरून चालणार नाही. जिथे काहीच मिळत नाही तिथे हा उपचार फार मोठा आहे. आणि मला जास्त विचार करायला लावणारी गोष्ट मिशिगनमधल्या संशोधकांच्या चाचणीत दिसली : थेरपिस्ट व्हिडिओ कॉलवर असला तरी परिणाम समोर बसलेल्या थेरपिस्टइतकाच होता. म्हणजे फरक खोलीमुळे पडत नाही. डायरी वाचणारं, प्रश्न विचारणारं माणूस आहे की नाही, यामुळे पडतो. म्हणून नाशिकहून किंवा लातूरहून कोणी विचारलं तर मी पुण्याला खेपा घालायला सांगत नाही. व्हिडिओवर काम उत्तम होतं.

आता दुसरा प्रसंग. बावन्न वर्षांचे एक गृहस्थ ऑनलाइन कार्यक्रम दोनदा पूर्ण करून आले होते. रात्री तीन-चारदा जाग यायची, सकाळी डोकं जड, दुपारी मीटिंगमध्ये पेंग. कार्यक्रमाने सुरुवातीलाच विचारलं होतं : झोपेत तुमचा श्वास थांबतो का? त्यांनी 'नाही' वर बोट ठेवलं होतं. झोपलेल्या माणसाला हे कळणार कसं? ते एकटेच आत आले. मी बाहेर थांबलेल्या त्यांच्या पत्नीलाही आत बोलावलं आणि तोच प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "थांबतो की! मी घाबरून यांना हलवते. मग घर्रकन श्वास घेतात आणि पुन्हा सुरू." त्यांचा रक्तदाबही वाढलेला होता, मान जाड होती. मी त्यांना झोपेच्या तपासणीसाठी पाठवलं. झोपेत श्वास अडखळण्याचा आजार, म्हणजे स्लीप ॲप्निया, चांगलाच तीव्र निघाला. श्वासाला हवेचा दाब देणारं यंत्र सुरू झाल्यावर दुपारची पेंग गेली. त्यानंतर उरलेल्या निद्रानाशासाठी आम्ही सीबीटी-आय सुरू केली, तेव्हा ती लागू पडली. ॲप्निया आणि निद्रानाश एकत्र असणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही, आणि ॲप्निया तसाच ठेवून अंथरुणातला वेळ कापला तर दिवसाची पेंग धोकादायक पातळीवर जाऊ शकते.

याच प्रकारात मोडणारा आणखी एक धोका आहे. बायपोलर आजार असणाऱ्या माणसाची झोप मुद्दाम कमी केली तर त्यातून उन्माद उफाळू शकतो. चांगले कार्यक्रम 'तुम्हाला हा आजार आहे का' असं विचारतात. पण ज्याचं निदानच अजून झालेलं नाही तो 'नाही' असंच लिहिणार. एक तरुण मुलगा माझ्याकडे उपचाराच्या पाचव्या दिवशी आला तेव्हा त्याचा आलेख बघण्यासारखा होता : कार्यक्षमता ९६ टक्के. पण तो खुर्चीत बसेना, बोलणं थांबेना, चार तासांच्या झोपेवर आपल्याला थकवाच येत नाही म्हणून खूश होता, आणि आदल्या रात्री त्याने क्रेडिट कार्डावर तीन कॅमेरे मागवले होते. त्या दिवशी त्याच्या घरच्यांना बोलावून आम्ही उपचार थांबवला आणि त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. हा आलेख एखाद्या ॲपने पाहिला असता तर शाबासकी दिली असती. कमी झोपूनही अंगात जास्त जोर येतो आहे असं तुम्हाला वाटलं, तर उपचार कुठलाही असो, तिथेच थांबा. अपस्मार असणाऱ्यांनी आणि रात्रपाळीला जड वाहन चालवणाऱ्यांनीही अंथरुणातला वेळ कापण्याचा प्रयोग एकट्याने करू नये.

हे वाचून ऑनलाइन कार्यक्रमांविषयी माझं मत वाईट आहे असं कुणी समजू नये. हिंजवडीतल्या एका तरुण अभियंत्याने माझ्याशी फक्त एकदा बोलून उपचार ऑनलाइनच पूर्ण केला. कामाची वेळ ठरलेली, इंग्रजी सरावाचं, दुसरा काही आजार नाही, एकटा राहणारा, आकडे आवडणारा. त्याला मानसशास्त्रज्ञाच्या दारात चपला काढताना कोणी ओळखीचं दिसेल याची धास्ती होती, आणि रात्री दीड वाजता दुसऱ्या खोलीत बसलेलं असताना लगेच उघडता येणारा धडा त्याला हवा होता. मी रात्री दीड वाजता उपलब्ध नसते. त्याने सहा आठवड्यांत ते सगळं नीट केलं. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याचा 'इन्सॉम्निया कोच' हा ॲप विनामूल्य आहे, तो कोणीही घेऊ शकतो. इंग्लंडमध्ये तर २०२२ साली 'नाइस' या सरकारी संस्थेने झोपेच्या गोळ्यांना किंवा नुसत्या सल्ल्याला पर्याय म्हणून 'स्लीपिओ'ची शिफारस केली. आपल्याकडे सीबीटी-आय शिकलेले थेरपिस्ट मोजकेच आणि तेही शहरांत. अशा वेळी मांडणी नीट असलेला कार्यक्रम वापरू नका म्हणणं मला बरोबर वाटत नाही.

पण नीट मांडणी म्हणजे काय, हे ओळखता आलं पाहिजे. झोपेच्या नावावर मिळणारे बहुतेक ॲप सीबीटी-आय देतच नाहीत. पावसाचे आवाज, ध्यानाच्या ध्वनिफिती, मनगटावरच्या पट्टीचे गुण, असंच सगळं. पट्टीचे गुण बघून झोप बिघडलेले लोक माझ्याकडे येतात. सकाळी उठून बरं वाटत असतं, मग पट्टीवर ६१ दिसतात आणि दिवस खराब जातो. म्हणून ॲप घेताना दोनच गोष्टी बघा : तो तुमच्याकडून रोजची झोपेची डायरी भरून घेतो का, आणि त्या डायरीवरून तुमची झोपायची आणि उठायची वेळ ठरवून दर आठवड्याला बदलतो का? हे नसेल तर तो या उपचारासाठी उपयोगाचा नाही.

समोर बसलेल्या माणसालाही हीच कसोटी लावा. थेरपिस्टकडे जाणं जास्त चांगलं, हे फक्त तो या उपचारात शिकलेला असेल तरच खरं आहे. चहा संध्याकाळनंतर घेऊ नका, मोबाइल दूर ठेवा, गरम दूध प्या, पाय धुवा, मन शांत ठेवा, असा सल्ला देऊन फी घेणारे पुष्कळ आहेत. या सल्ल्याला झोपेची स्वच्छता म्हणतात. तो वाईट नाही, पण एकट्याने जुनाट निद्रानाश बरा करत नाही. कितीतरी चाचण्यांमध्ये तो तुलनेचा गट म्हणून वापरतात, याचा अर्थच तो कमी पडतो हे गृहीत आहे. पहिल्या दोन भेटींत तुमच्या हातात डायरी आली नाही आणि अंथरुणातल्या वेळेबद्दल कुणी विचारलं नाही, तर तुम्हाला सीबीटी-आय मिळत नाहीये. विचारा, आणि नाही म्हणाले तर दुसरीकडे जा. शिकलेला माणूस मोठा पदवीधरच असायला हवा असंही नाही. इंग्लंडमध्ये २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत थोडं प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांनी चार भेटींत फक्त अंथरुणातला वेळ कमी करण्याचा उपचार दिला आणि रुग्णांना सहा महिन्यांनंतरही त्याचा फायदा दिसला. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत हे का होऊ नये, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

आपल्या घरांची रचना या उपचाराला कशी वेगळी लागू पडते, हेही मला कामातूनच कळलं. 'झोप येत नसेल तर दुसऱ्या खोलीत जा' हे वाक्य जवळपास प्रत्येक कार्यक्रमात असतं. वन रूम किचनमध्ये पाच जण झोपतात तिथे दुसरी खोली कुठली? मी अशा घरांत स्वयंपाकघरातला पाट, जिन्याची पायरी किंवा खिडकीजवळची खुर्ची ठरवून देते आणि छोटा दिवा भिंतीकडे वळवून ठेवायला सांगते. पहाटे दूधवाला, पाण्याची वेळ, देवपूजा यांनुसार उठायची वेळ ठरवावी लागते. पाणी पहाटे पाचला येतं त्या घरातल्या बाईला सकाळी साडेसहाची वेळ देऊन काय उपयोग? तिची रात्र साडेअकराला सुरू होते. दुपारी जेवणानंतर आडवं होण्याची सवय सत्तरीच्या माणसाकडून काढून घेताना मी कधी कधी दुपारी दोनच्या आत वीस मिनिटं ठेवते, गजर लावून. स्टॉकहोममधल्या एका चाचणीत ऑनलाइन उपचार घेणाऱ्या लोकांपैकी चौथ्या आठवड्यात मागे पडलेले शोधून काढले आणि त्यांच्यासाठी थेरपिस्टने उपचारात बदल केला. त्यांच्यापैकी अपयशी ठरणाऱ्यांचं प्रमाण कमी झालं. मला ही व्यवस्था सर्वांत पटते : सुरुवात कार्यक्रमाने, आणि अडकलात तर लगेच माणूस. अडकलेपण ओळखायची खूण सोपी आहे. अंथरुणातला वेळ ठरवल्यापासून तीन आठवडे झाले, डायरी इमानदारीने भरली, तरी टक्केवारी ८५ च्या खालीच आहे, म्हणजे डायरीत न दिसणारं काहीतरी आहे. ते शोधायला समोरचा माणूस लागतो.

झोपेच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांना मात्र मी ऑनलाइन सुरुवात करायला सांगत नाही. क्लोनाझेपाम किंवा झोल्पिडेम अचानक बंद केलं तर झोप आणखी बिघडते, बेचैनी येते आणि तो दोष उपचारावर जातो. गोळी कमी करायची तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून, अंथरुणातली वेळ स्थिरावल्यावर, थोडी थोडी. हा मेळ जुळवायला डॉक्टर आणि थेरपिस्ट दोघेही लागतात.

म्हणून फोनवर विचारणाऱ्यांना मी आता आधी पाच प्रश्न विचारते. घोरता का, आणि हे सांगणारं दुसरं कोणी आहे का? कधी कमी झोपूनही अंगात भलताच उत्साह संचारल्याचा काळ गेला आहे का? फिट येतात का? कामाची पाळी बदलते का, की वाहन चालवणं हेच काम आहे? रोज झोपेची गोळी घेता का? पाचही उत्तरं 'नाही' आली आणि इंग्रजी वाचायला अडचण नसेल, तर डायरी भरून घेणाऱ्या ॲपने बिनधास्त सुरुवात करा. एकही उत्तर 'हो' आलं, तर आधी माणसाकडे जा. आणि कुठेही जा, जाण्यापूर्वी दोन आठवडे रोज सकाळी किती वाजता अंथरुणात गेलात, साधारण किती वाजता झोप लागली, मधे किती वेळ जागे होतात आणि किती वाजता उठलात, एवढं साध्या वहीत लिहून ठेवा. सोफ्यावरची डुलकीसुद्धा. थेरपिस्टकडे येताना ती वही आणा, आणि रात्री तुमच्याच खोलीत झोपणारं घरचं एक माणूस सोबत आणा.